गेममधले नाव कसे ठरवावे : लक्षात राहील, पण घरचा पत्ता सांगणार नाही असे

तेरा ते सतरा वर्षांची मुले गेमसाठी नाव घेतात, तेव्हा बहुतेकदा ते पाच मिनिटांत ठरते. स्वतःचे नाव टाकून पाहायचे, ते आधीच कोणी घेतलेले निघाले की मागे जन्मसाल, गाडीचा क्रमांक किंवा जर्सीचा क्रमांक जोडायचा, आणि हिरवी खूण आली की पुढे जायचे. हे नाव मग अनोळखी लोकांना दररोज दिसते, गुणफलकावर राहते, कोणाच्या तरी यूट्यूबवरच्या चित्रफितीत नोंदले जाते आणि वर्षानुवर्षे शोधता येते. म्हणून ते ठरवण्यासाठी एखाद्या रविवारचा तास-दीड तास राखून ठेवावा, आणि मुलाने किंवा मुलीने ते पालकांच्या सोबत बसून ठरवावे. पालकांनी परस्पर ठरवलेले नाव मुले आठवड्याभरात बदलतात, असा अनुभव आहे.

आधी चालू नाव तपासून पाहावे

एक कल्पित उदाहरण घेऊ. नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणारा चौदा वर्षांचा एक मुलगा आहे, नाव समजा अथर्व. तो मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळतो, रोब्लॉक्सवर त्याचे जुने खाते आहे आणि मित्रांशी बोलण्यासाठी तो डिस्कॉर्ड वापरतो. रोब्लॉक्सवर त्याने `Atharva07MH15` हे नाव घेतले आहे, डिस्कॉर्डवर `atharva.2011`, आणि व्हॅलोरंटमध्ये `Atharva07` लिहून त्यापुढच्या टॅगमध्ये `#MH15`. त्याच्या मते यात काहीच खासगी नाही, कारण आडनाव नाही, फोन नंबर नाही आणि शाळेचे नावही नाही.

आता हीच नावे अनोळखी माणसाच्या नजरेने वाचू. `MH15` म्हणजे नाशिकच्या आरटीओचा क्रमांक. मालेगावचा क्रमांक ४१ असल्यामुळे मुलगा नाशिक शहराकडचा असावा, इथपर्यंतचा अंदाज कोणालाही बांधता येतो. `2011` हे जन्मसाल आहे हे सांगावे लागत नाही. राहिले `07`. मुलाला विचारले तर तो सांगेल की हा त्याच्या फुटबॉलच्या जर्सीचा क्रमांक आहे. शाळेच्या संघाचे छायाचित्र शाळेच्या पानावर असेल आणि त्याखाली खेळाडूंची नावे छापलेली असतील, तर सात क्रमांकाची जर्सी घातलेला अथर्व शोधायला फार वेळ लागत नाही. तिथून आडनाव मिळते, चेहरा मिळतो, आणि शाळा सुटण्याची वेळही मिळते.

नाव निवडताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा असतो : या खुणेनंतर गर्दीत किती माणसे उरतात? २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे लोक आठ कोटींहून अधिक आहेत, त्यामुळे नावात मराठी शब्द असला म्हणून कोणी सापडत नाही. नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत त्याच जनगणनेत सुमारे पंधरा लाख लोक होते. म्हणजे `MH15` लिहिताच कोट्यवधींची गर्दी काही लाखांवर आली. जन्मसाल कळले की ती हजारांवर येते, पहिले नाव कळले की काही डझनांवर, आणि जर्सीचा क्रमांक कळला की एकाच मुलावर. यातली कोणतीही एक खूण एकटी असती तर फारसे बिघडले नसते. ती तीन ठिकाणी तीन तुकड्यांत पडलेली आहे, आणि `Atharva` हा शब्द त्या तुकड्यांना जोडणारा आहे, हे खरे अडचणीचे आहे.

वर्ज्य शब्दांचा कागद

पहिले काम म्हणजे एका कागदावर मुलाने स्वतःच्या हाताने वर्ज्य शब्द लिहून काढणे. त्यात पहिले नाव, आडनाव आणि दोन्हींची आद्याक्षरे तर येतातच. पण घरात हाक मारायचे नावही येते, कारण सोनू, पिल्लू, दादू या हाका आत्या-मावशींच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये फेसबुकवर उघड लिहिलेल्या असतात. पाळलेल्या कुत्र्याचे किंवा मांजराचे नाव लिहावे, कारण तेच नाव पुष्कळ घरांत पासवर्डमध्ये असते. शाळेचे, शिकवणीचे आणि सोसायटीचे नाव, त्यांची आद्याक्षरे, जन्मतारखेतले अंक, हजेरी क्रमांक, जर्सीचा क्रमांक, घरच्या गाडीचे शेवटचे चार अंक आणि मोबाइलचे शेवटचे अंक हेही लिहावेत.

नाशिककरांनी या कागदावर आणखी काही शब्द घालावेत. `MH15` सांगून झाले. `NSK`, `Nashik`, `422` ने सुरू होणारा पिनकोड आणि `0253` हा दूरध्वनीचा कोड मुले हौसेने वापरतात. सिडको, पंचवटी, सातपूर, देवळाली ही नावे तर शहरापेक्षाही अधिक नेमका पत्ता देतात. गावाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे आणि तो मुलांकडून काढून घ्यावा असे मी म्हणणार नाही. ज्या गटात सगळे एकमेकांना प्रत्यक्ष ओळखतात, तिथे तो खुशाल मिरवावा. ज्या नावाने अनोळखी माणसांसमोर जायचे, त्यात मात्र तो नको.

शेवटी या कागदावर ई-मेल पत्त्यातला `@` च्या आधीचा भाग, यूपीआय आयडीचा आधीचा भाग आणि इन्स्टाग्रामवरचे नाव लिहावे. गेममधले नाव आणि ई-मेलचे नाव एकच असेल, तर ज्याला खाते बळकवायचे आहे त्याला अर्धी माहिती आयती मिळते : तो त्यापुढे `@gmail.com` लावून पाहतो आणि गेमच्या कंपनीकडून आल्याचे भासवणारा खोटा मेल थेट त्या पत्त्यावर पाठवतो. इन्स्टाग्रामचे नाव जुळत असेल, तर त्या माणसाला मुलाचे छायाचित्र शोधावेही लागत नाही.

शब्द कुठून घ्यावेत

आता नवे नाव घडवायचे. सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले दोन साधे शब्द जोडणे. दोन्ही शब्द डोळ्यांसमोर चित्र उभे करणारे असावेत, म्हणजे नाव ऐकणाऱ्याच्या मनात एक विचित्र पण ठसठशीत दृश्य तयार होते आणि ते विसरले जात नाही. `Dark`, `Killer`, `Pro`, `Shadow` हे शब्द इतक्या लोकांनी वापरलेले आहेत की त्यांच्यामागे अंक जोडल्यावाचून नाव मिळतच नाही, आणि अंक जोडायची वेळ आली की मुले जन्मसालाकडे वळतात. म्हणूनही ते टाळावेत.

मराठी शब्द घेण्याचा मोठा फायदा असा की ते जगभरच्या खेळाडूंनी आधी घेतलेले नसतात. त्यात एक अडचण मात्र आहे, आणि ती बहुतेकांच्या उशिरा ध्यानात येते. गेममध्ये नाव रोमन लिपीत टंकावे लागते, आणि एकच मराठी शब्द तीन माणसे तीन प्रकारे लिहितात. काजवा कोणी `kajva` लिहितो, कोणी `kajwa`. कंदील `kandil` की `kandeel`. भोपळा `bhopla` की `bhopala`. गोगलगाय `gogalgay` की `gogalgai`. मित्राने एकदा ऐकलेले नाव त्याला शोधताना सापडले नाही, तर ते लक्षात राहून उपयोग काय? म्हणून व, ळ असलेले, शेवटी य येणारे, दीर्घ ई किंवा ऊ असलेले आणि मध्ये अर्धवट उच्चारला जाणारा अ असलेले शब्द शक्यतो बाजूला ठेवावेत. पतंग हा शब्द मात्र `patang` असाच लिहिला जातो.

प्राण्यांची नावे घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. वाघ, मगर, कोल्हे, लांडगे ही आपल्याकडे आडनावेही आहेत. मुलाचे आडनाव ते नसले तरी त्याच्या वर्गात किंवा संघात त्या आडनावाचा दुसरा मुलगा असू शकतो, आणि मग भांडण कोणाशी झाले आणि शोध कोणाचा लागला, असा प्रकार होतो.

मुलीचे नाव ठरवत असाल तर `Queen`, `Girl`, `Rani`, `Didi` यांसारखे शब्द घ्यायचे की नाही, याचा तिच्याशी मोकळेपणाने विचार करावा. ती मुलगी आहे हे लपवण्याची वेळ तिच्यावर यावी हे मला मुळीच पटत नाही. तरीही अनोळखी खेळाडूंच्या खोलीत नावावरून मुलगी आहे हे कळताच नको ते संदेश सुरू होतात, हे वास्तव तिला आधी माहीत असावे आणि निर्णय तिने घ्यावा.

लांबी आणि अक्षरे

निरनिराळ्या ठिकाणी मर्यादा निरनिराळ्या असतात. रोब्लॉक्समध्ये नाव ३ ते २० अक्षरांचे चालते आणि त्यात एकच अधोरेषा घेता येते, तीही सुरुवातीला किंवा शेवटी नाही. प्लेस्टेशन आणि माइनक्राफ्ट यांची मर्यादा १६ अक्षरांची आहे, व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीच्या नावाचीही तेवढीच, आणि एक्सबॉक्सवर नवे नाव १२ अक्षरांत बसवावे लागते. नाव आठ ते बारा अक्षरांचे घेतले आणि त्यात नुसती रोमन अक्षरे ठेवली, की या सगळ्या ठिकाणी ते बसते. ठळक, वळणदार किंवा चिन्हांनी सजवलेली अक्षरे मुलांना आवडतात; पण ती मित्राला कळफलकावर टंकता येत नाहीत. मोठा `I` आणि लहान `l`, किंवा शून्य आणि `O`, यांची अदलाबदल होईल असे नावही नको, कारण तसेच दिसणारे खाते काढून दुसरा कोणी मुलाच्या नावावर मित्रांकडून वस्तू मागू शकतो.

आपल्या उदाहरणातल्या मुलाने कागदावर चार नावे लिहिली असे धरू : `ThunderWagh`, `KandilFox`, `GodaStriker` आणि `PatangPilot`. पहिल्यात वाघ आडनावासारखा आहे आणि `wagh`-`vagh` असा घोळही आहे. दुसऱ्यात कंदिलाची तीच अडचण. तिसरे ऐकायला छान आहे. पण गोदा म्हटले की गोदाकाठ आला, आणि स्ट्रायकर हे त्याचे संघातले स्थान आहे, म्हणजे शहर आणि फुटबॉल दोन्ही परत आत शिरले. चौथे अकरा अक्षरांचे आहे, दोन्ही शब्द एकाच प्रकारे लिहिले जातात, प-प असा ठेका आहे, आणि पतंगावर बसलेला वैमानिक असे गमतीचे चित्र उभे राहते. पतंग महाराष्ट्रापासून गुजरात-राजस्थानपर्यंत सगळीकडे उडतात, त्यामुळे तो शब्द गाव सांगत नाही. घरातले कोणी ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला असेल तर मात्र `Pilot` ऐवजी दुसरा शब्द घ्यावा. (ही नावे केवळ समजावण्यासाठी आहेत, ती जशीच्या तशी घेऊ नयेत.)

तीन चाचण्या

पहिली चाचणी कानाची. नाव कोणाला तरी फोनवर एकदाच सांगावे आणि त्या व्यक्तीने ते लिहून परत पाठवावे. मुलगा सिन्नरच्या मावशीला फोन लावतो आणि म्हणतो, “मावशी, मी एक नाव सांगतो, ते इंग्रजीत लिहून मला व्हॉट्सअॅप कर. पतंगपायलट, मध्ये जागा न सोडता.” मावशी विचारते, “अरे, पतंग म्हणजे आपला उडवायचा पतंगच ना?” आणि मिनिटाभरात बरोबर स्पेलिंग पाठवते. तिला आणखी काही विचारावे लागले असते, तर नाव नापास. दुसऱ्या दिवशी काहीही आठवण न देता तिलाच विचारावे की कालचे नाव काय होते. तिला आठवले, तर ते लक्षात राहणारे आहे.

दुसरी चाचणी डोळ्याची. डिस्कॉर्डवर नावे लहान अक्षरांतच असतात, म्हणजे दोन शब्दांमधली मोठ्या अक्षराची खूण नाहीशी होते. म्हणून `patangpilot` असे सलग लिहून मोठ्याने वाचावे आणि जोडावर भलताच शब्द तयार होत नाही ना, हे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांच्या नजरेने पाहावे. डोंगर हा निरुपद्रवी मराठी शब्द रोमन लिपीत लिहिला की त्याची पहिली चार अक्षरे इंग्रजी बोलीत अश्लील ठरतात, आणि परदेशी खेळाडू पहिल्याच दिवशी त्यावरून छेडतात.

तिसरी चाचणी शोधाची. नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधावे. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांच्या शोधपट्टीतही टाकून पाहावे. तिथे कोणी प्रौढ व्यक्ती त्याच नावाने वावरत असेल, किंवा त्या नावावर शिवीगाळीची नोंद दिसत असेल, तर ते सोडून द्यावे. नाव आधीच घेतलेले निघाले तर मागे अंक जोडू नये. दुसरा शब्द बदलावा. `PatangPilot` नसेल तर `PatangRobot`, तेही नसेल तर `PatangMotor`. यंत्र स्वतःहून अंक जोडून सुचवत असेल, तर ते अंक निदान मुलाच्या आयुष्याशी निगडित नसतात एवढेच. पण ते लक्षात राहत नाहीत.

नाव टाकताना

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. पुष्कळ ठिकाणी दोन नावे असतात : एक खात्यात शिरण्याचे आणि दुसरे इतरांना दिसणारे. संगणकावरचे गेम विकत घेण्याच्या स्टीम या सेवेवर खात्यात शिरण्याचे नाव कधीच बदलता येत नाही, दिसणारे मात्र केव्हाही बदलता येते. म्हणून शिरण्याचे नाव पूर्णपणे वेगळे ठेवावे आणि कोणाला सांगू नये. रोब्लॉक्समध्ये मूळ नाव बदलायला तिथल्या चलनातले १,००० रोबक्स पडतात. त्याशिवाय वर दिसणारे वेगळे नाव फुकट ठेवता येते, पण प्रोफाइल उघडणाऱ्याला मूळ नाव दिसतेच. व्हॅलोरंटमध्ये नावाच्या पुढचा टॅग तीन ते पाच अक्षरांचा असतो, आणि `MH15` किंवा `2011` त्यात चपखल बसत असल्यामुळे मुले नेमके तेच लिहितात. टॅग हाही नावाचाच भाग आहे आणि प्रत्येक सामन्यात शोधता येतो. तिथे `#KITE` सारखे काहीतरी लिहावे.

सगळ्या गेमना एकच नाव द्यावे की प्रत्येकाला वेगळे, असे पालक विचारतात. माझे मत असे की गेमपुरते एकच नाव चालेल, कारण मित्रांना ते सापडले पाहिजे. पण ते नाव जिथे चेहरा, शाळा किंवा खरे नाव आहे अशा कोणत्याही खात्यावर असू नये. प्रोफाइलचे चित्रही स्वतःचे, इमारतीचे किंवा गणवेशातले नसावे, आणि इन्स्टाग्रामवर लावलेले चित्र इथे पुन्हा वापरू नये, कारण चित्रावरूनही शोध घेता येतो. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये खरे नाव कोणाला दिसावे याचा पर्याय असतो. तो ‘कोणालाही नाही’ असा करून घ्यावा.

जुन्या नावाचा माग

नाव बदलले की जुने पुसले गेले असे समजू नये. स्टीमच्या प्रोफाइलवर नावाशेजारचा बाण दाबला की आधीची नावे दिसतात. ती यादी स्वतःच्या प्रोफाइलवरून रिकामी करता येते, आणि ती करावी. रोब्लॉक्समध्ये आधीची मूळ नावे प्रोफाइलवर दिसू शकतात, त्यामुळे तिथे खरे नाव घातलेले असेल आणि खात्यात फारसे काही साठवलेले नसेल, तर नवे खाते काढणे अधिक चांगले. माइनक्राफ्टचे नाव ३० दिवसांतून एकदा बदलता येते. कंपनीने जुन्या नावांची यादी देणे २०२२ मध्ये थांबवले असले, तरी बाहेरच्या काही संकेतस्थळांनी ती आधीच साठवून ठेवलेली आहे.

त्यानंतर जुने नाव स्वतःच शोधून पाहावे. ते यूट्यूबवरच्या टिप्पणीत, शाळेच्या मित्राने टाकलेल्या चित्रफितीत किंवा डिस्कॉर्डच्या एखाद्या जुन्या गटात असेल, तर स्वतःचे असेल ते काढावे आणि मित्राचे असेल तर त्याला काढायला सांगावे. नव्या नावाची घोषणा ‘मी पूर्वीचा `Atharva07`’ अशी उघड गटात मुळीच करू नये, कारण एवढ्या एका वाक्याने दोन्ही नावे कायमची जोडली जातात. मित्रांना ते शाळेत किंवा मैदानावर तोंडी सांगावे.

शहरात महाविद्यालयांच्या महोत्सवांत आणि गेमिंग कॅफेंत स्पर्धा होतात, तिथे नोंदणीसाठी खरे नाव द्यावे लागते आणि मग विजेत्यांच्या चित्रफलकावर खरे नाव, शाळा आणि गेममधले नाव शेजारी-शेजारी छापले जाते. पालकांनी नोंदणी करतानाच आयोजकांना लेखी कळवावे की फलकावर दोन्हींपैकी एकच नाव घ्यावे. ते ऐकणार नाहीत असे वाटले, तर मुलाने अशा स्पर्धेपुरते वेगळे खाते आणि वेगळे नाव वापरावे.